व्हेरिफिकेशन रखडलं आणि जॉइनिंग लांबलं: माझा अनुभव

राजीनामा दिलेला, नोटीस पिरियड संपत आलेला, आणि नव्या कंपनीकडून एका ओळीचा मेसेज आला: "तुमचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अजून पूर्ण झालेलं नाही, त्यामुळे जॉइनिंगची तारीख पुढे जाईल." पुढे म्हणजे कधी, ते नाही. का, तेही नाही.

अशा वेळी आपण "काही अपडेट?" असं विचारतो आणि पलीकडून "फॉलोअप चालू आहे" असं येतं. रिक्रूटर टाळतोय असं वाटतं, पण बहुतेकदा त्यालाही तेवढंच दिसत असतं. तपासणी करते बाहेरची एजन्सी, तिच्याशी बोलते कंपनीची व्हेरिफिकेशन पाहणारी टीम, आणि रिक्रूटरपर्यंत पोचतो फक्त शेवटचा शेरा. उमेदवार तर एजन्सीचा ग्राहकच नसतो. तिचे पैसे कंपनी देते, त्यामुळे आपल्या फोनला एजन्सी सहसा दाद देत नाही.

म्हणून मी रिक्रूटरला एवढंच विचारलं, की ओळख, पत्ता, शिक्षण, नोकरी, गुन्हेगारी नोंद यांपैकी नेमकी कोणती तपासणी अडली आहे आणि केस नंबर काय आहे. त्याने आतल्या टीमला विचारून सांगितलं: माझी मधली नोकरी. आधीच्या आणि नंतरच्या नोकऱ्यांची खात्री झाली होती. पोर्टलवर मात्र संपूर्ण केससमोर `In Progress` एवढंच दिसत होतं, जणू कोणीतरी रात्रंदिवस त्यावर काम करतंय. प्रत्यक्षात एजन्सीने मेल पाठवले होते, उत्तर आलं नव्हतं, आणि केस तशीच पडून होती.

उत्तर न येण्याचं कारण मला कळायला वेळ लागला नाही. ती मधली कंपनी नंतर एका मोठ्या कंपनीत विलीन झाली होती. रिलिव्हिंग लेटरवर एचआरचा जो मेल आयडी होता, तो जुन्या डोमेनचा. असा मेल परत आला तर निदान कळतं तरी. इथे तो परतही येत नव्हता, कोणी वाचतही नव्हतं. तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारल्यावर कळलं, की सोडून गेलेल्यांची चौकशी आता वेगळ्याच मेलबॉक्सवर घेतात. आणि त्याने सहज सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली: विलीनीकरणानंतर सगळ्यांचे एम्प्लॉयी कोड बदलले होते. मी त्याआधीच बाहेर पडल्यामुळे नव्या कोडच्या यादीत माझं नावच नसणार.

याचा धोका लक्षात घ्या. एजन्सी नव्या मेलबॉक्सवर फक्त नाव देऊन चौकशी करेल, तिकडून "अशी नोंद नाही" असं उत्तर येईल, आणि अहवालात तो शेरा विसंगती म्हणून जाईल. "खात्री करता आली नाही" आणि "माहिती जुळली नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात कागद मागतात, दुसऱ्यात ऑफर मागे घेतली जाऊ शकते. नुसता उशीर परवडला, असं मला तेव्हा वाटलं.

मी त्या नव्या मेलबॉक्सवर स्वतः लिहून खात्री करून घेतली, पण "माझं व्हेरिफिकेशन मला पाठवा" असं मागितलं नाही. उमेदवारामार्फत आलेलं उत्तर एजन्सी सहसा धरत नाही; ते कंपनीच्या अधिकृत आयडीवरून थेट तिच्याकडे जायला हवं. मी फक्त विचारलं, की अशा चौकश्या तुम्हीच हाताळता का आणि नोंद शोधायला काय लागतं. उत्तर आलं: हो, जुन्या कंपनीचं पूर्ण नाव, जुना कोड आणि माझं सहीचं संमतीपत्र लागेल.

मग नव्या कंपनीच्या एचआर मॅडमना, रिक्रूटरला प्रतीत ठेवून, हा मेल केला:

"नमस्कार मॅडम,
माझ्या केसमध्ये (केस नंबर विषयात दिला आहे) मधल्या नोकरीची खात्री बाकी असल्याचं कळलं. ती कंपनी आता दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आहे आणि रिलिव्हिंग लेटरवरचा मेल आयडी बंद आहे. माजी कर्मचाऱ्यांच्या चौकश्या हाताळणारा सध्याचा अधिकृत आयडी खाली देत आहे. नोंद शोधताना सोबत दिलेलं जुनं नाव आणि जुना एम्प्लॉयी कोड वापरावा. नव्या कोडने ती सापडणार नाही.
नेमणूकपत्र, रिलिव्हिंग लेटर, पहिली आणि शेवटची पगार स्लिप, त्या महिन्यांत पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि सहीचं संमतीपत्र जोडलं आहे. कृपया हे एजन्सीकडे पाठवून पोच कळवावी.
तिकडून वेळेत उत्तर न आल्यास कागदपत्रांच्या आधारे तपासणी पूर्ण करता येईल का? किंवा व्हेरिफिकेशनच्या अधीन राहून, हमीपत्र घेऊन जॉइन करून घेता येईल का? माझ्या सध्याच्या कार्यालयातला शेवटचा दिवस जवळ आला आहे. तो पुढे न्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी सुधारित तारीख लेखी मिळावी, ही विनंती."

पहिली आणि शेवटची स्लिप मुद्दाम जोडली. एजन्सी मुख्यतः रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख व पद ताडून पाहते, आणि तारखांची दोन टोकं या दोन स्लिपांत दिसतात. शिवाय स्लिपवर कंपनीचं तेव्हाचं कायदेशीर नाव छापलेलं असतं. बँक स्टेटमेंटमधल्या बाकीच्या नोंदी मी झाकल्या. नाव, खात्याचे शेवटचे आकडे आणि पगाराच्या ओळी तेवढ्या ठेवल्या. माझा किराणा एजन्सीला कशाला?

मेलनंतर पोर्टलवर `Insufficient` असं दिसलं तेव्हा पोटात गोळा आला. पण ते चांगलं लक्षण होतं. याचा अर्थ कोणीतरी फाइल उघडली होती आणि त्यांना काहीतरी हवं होतं. हवं होतं ते संमतीपत्र, त्यांच्याच नमुन्यात. सही करून त्याच दिवशी अपलोड केलं, आणि पुन्हा `In Progress` आलं, या वेळी खरंखुरं.

हमीपत्रावर जॉइन करून घ्यायला एचआरने नकार दिला. मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "ज्या क्लायंटच्या प्रोजेक्टवर तुम्हाला घेतोय, त्यांच्या करारात अहवाल पूर्ण असल्याशिवाय प्रवेश नाही. दुसरं प्रोजेक्ट असतं तर बघितलं असतं." कारण कळल्यावर निदान घासाघीस करण्यात अर्थ नाही हे कळलं. मी सध्याच्या मॅनेजरना सगळं खरं सांगून शेवटचा दिवस पुढे नेण्याची विनंती केली. हँडओव्हर तसाही अर्धवट होता, त्यांनी आनंदाने मान्य केलं. हे राजीनामा मंजूर होऊन माझी जागा भरण्याआधी झालं म्हणून जमलं.

अखेर जुन्या कंपनीचं उत्तर थेट एजन्सीकडे गेलं. त्यानंतरही अहवाल एजन्सीच्या अंतर्गत तपासणीतून जाऊन एचआरकडे यायला वेळ लागला, तेव्हा "उत्तर गेलं" म्हणजे "झालं" असं धरून गाडीचं तिकीट काढू नका. रिक्रूटरने मेसेज केला, "सगळं क्लिअर, पुढच्या बॅचला या." मी तेवढ्यावर होकार दिला नाही. माझ्या ऑफर लेटरमध्ये ठरलेल्या तारखेला रुजू न झाल्यास ऑफर रद्द होईल असं कलम होतं, आणि ती तारीख तर केव्हाच उलटून गेली होती. सुधारित तारखेचं पत्र मागितलं. रिक्रूटर म्हणाला, "अहो, मेसेज आहे ना!" मी म्हटलं, "पत्रच द्या." दोन ओळींचं पत्र संध्याकाळपर्यंत आलं, आणि मगच मी सध्याच्या ऑफिसात शेवटचा दिवस कळवला.