जड ब्लॉक, जास्त थरथर

“मशीन सुरू झालं की फाउंडेशनचा ब्लॉक हादरतो. वरून आणखी काँक्रीट ओतून तो जड केला तर थरथर कमी होईल ना?”

होईलही आणि वाढेलही. मी नोकरीच्या सुरुवातीला हेच केलं होतं, आणि वाढली होती. ते उदाहरणच सांगतो. आकडे तेवढे हिशोबाला सोयीचे गोल केले आहेत.

६०० आरपीएमचा कॉम्प्रेसर, म्हणजे सेकंदाला १० आवर्तनं. मशीन आणि ब्लॉक मिळून २० टन. दर आवर्तनात उभ्या दिशेने वर-खाली होणारा जोर १२ किलोन्यूटन. खालची माती म्हणजे आपली स्प्रिंग. तिचा कडकपणा मिलिमीटरला १२० किलोन्यूटन. हाच जोर स्थिर ठेवला असता तर ब्लॉक फक्त ०.१ मिलिमीटर दबला असता. पण जोर हलता आहे, म्हणून या ०.१ ला एका गुणकाने गुणायचं:

`M = 1/√((1 − r²)² + (2ζr)²)`

r म्हणजे मशीनची फ्रिक्वेन्सी भागिले ब्लॉकची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी, म्हणजे एक धक्का देऊन सोडला तर तो ज्या फ्रिक्वेन्सीने आपोआप हलेल ती. आणि ζ म्हणजे डॅम्पिंग, कंपनाची ऊर्जा किती जिरते त्याचं माप. नैसर्गिक फ्रिक्वेन्सी कडकपणा भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळावर ठरते. इथे ती सुमारे १२.३ हर्ट्झ, म्हणजे ७४० आरपीएम. r झाला ०.८१. डॅम्पिंग मी १० टक्के धरतो. उभ्या कंपनात खोल मातीत ते बरंच जास्त मिळतं, कारण लाटा ऊर्जा घेऊन लांब निघून जातात. आमच्याकडे थोड्याच खोलीवर खडक होता. लाटा त्यावर आपटून परत येत. गुणक येतो २.६, आणि थरथर ०.२६ मिलिमीटर. तक्रार रास्तच होती.

मग मी ब्लॉकवर १० टन काँक्रीट चढवलं. तळ तेवढाच, म्हणून स्प्रिंगही तीच. वस्तुमान ३० टन झालं आणि नैसर्गिक फ्रिक्वेन्सी उतरली १०.०७ हर्ट्झवर. मशीन चालतं १० वर. दोन्ही फ्रिक्वेन्सी जुळल्या की कंपन फुगतं, तोच रेझोनन्स. मी ब्लॉकला उचलून थेट त्याच्या तोंडात नेऊन बसवलं होतं. तिथे (1 − r²) जवळजवळ शून्य होतो, स्प्रिंग आणि जडत्व एकमेकांना खाऊन टाकतात, आणि जोराला अडवायला एकटं डॅम्पिंग उरतं. तेही वस्तुमान वाढल्यामुळे टक्केवारीत ८ वर आलेलं. गुणक ६.१, थरथर ०.६१ मिलिमीटर. दहा टन काँक्रीट घालून थरथर दुपटीच्या वर गेली.

चूक समजुतीत होती. मशीन ब्लॉकच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीच्या खाली चालत असेल, तर वजन वाढवणं म्हणजे रेझोनन्स स्वतःकडे ओढणं. वजन कामाला येतं ते पलीकडच्या बाजूला. याच ब्लॉकला ६० टन केलं तर नैसर्गिक फ्रिक्वेन्सी ७.१ हर्ट्झवर येते आणि थरथर ०.१ मिलिमीटरवर. पण मग मशीन सुरू किंवा बंद होताना दर वेळी ४२७ आरपीएमच्या आसपास ब्लॉक उसळी घेणार. ती सहसा चालून जाते: त्या वेगाला असंतुलनाचा जोर निम्माच असतो आणि कंपन पूर्ण चढायला वेळ मिळत नाही. मात्र मशीन तिथून रेंगाळत जाता कामा नये.

दुसरी वाट कडकपणाची. ३० टनच ठेवून स्प्रिंग दुप्पट कडक केली तरी थरथर साधारण ०.१ मिलिमीटरच येते. आम्ही शेवटी तळ रुंद केला. पण गोल तळाचा कडकपणा त्रिज्येच्या पटीत वाढतो, क्षेत्रफळाच्या नाही. दुपटीसाठी तळाचं क्षेत्रफळ चौपट लागतं. जागा नसेल तर ब्लॉकखाली पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल गेलेले खांब.

आपण कोणत्या बाजूला आहोत हे ओळखायला मशीन बंद करून पाहणं मला सगळ्यात आवडतं. ब्लॉकवर कंपनमापक ठेवा, वीज तोडा आणि वेग उतरताना आकडा बघा. तो सरळ खाली गेला तर रेझोनन्स चालत्या वेगाच्या वर आहे, म्हणजे वजन घालू नका. आधी फुगून मग उतरला तर रेझोनन्स खाली आहे. फक्त कॉम्प्रेसर असेल तर जरा जपून: त्याचा दुप्पट फ्रिक्वेन्सीचाही एक जोर असतो, त्यामुळे अर्ध्या वेगाजवळचा छोटा फुगवटा फसवू शकतो.

आणि मातीच्या कडकपणाचा आकडा कोणी दशांशापर्यंत दिला तर हुरळू नका. तो दीडपट चुकला तर नैसर्गिक फ्रिक्वेन्सी २२ टक्के सरकते. म्हणून r ०.८ आणि १.२ च्या मध्ये नको एवढ्यावर मी थांबत नाही. चाचणीशिवाय आलेल्या आकड्यावर ०.७ च्या आत किंवा १.४ च्या बाहेर असेल तरच सही करतो.