सलवार वाढली, कुर्ता तसाच

त्या दिवशी ओपीडीत आलेल्या मुलीची फाईल वरवर पाहता समाधानकारक होती. वय 9 वर्षं 2 महिने. पाचव्या वर्षी मेंदूच्या मागच्या भागात, लहान मेंदूजवळ, मेड्युलोब्लास्टोमाची गाठ निघाली. ऑपरेशन, रेडिएशन, केमोथेरपी सगळं वेळेत झालं आणि नंतरचे सगळे एमआरआय स्वच्छ. उंची 124 सेंटिमीटर, गेल्या वर्षभरात 6 सेंटिमीटरची वाढ. आधीच्या भेटीत कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘वाढ चांगली’. (काही तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.)

आई घरी शिलाईकाम करते. मी सहज विचारलं, ‘‘ताई, कपडे आखूड होतात का हिला?’’ त्यांनी पिशवीतून मापांची वहीच काढली. ‘‘सलवार 27 इंचांची होती मॅडम, आता 29 लागते. पण खांदा ते कंबर साडेअकराच. गेल्या दिवाळीला साडेअकरा, यंदाही तेवढंच.’’

आमच्या फाईलमध्ये जे नव्हतं ते त्या वहीत होतं. चार वर्षांत हिची बसून उंची कोणीच मोजली नव्हती. भिंतीला पाठ टेकवून ठरावीक उंचीच्या स्टुलावर बसवायचं, एकूण मापातून स्टुलाची उंची वजा करायची, दोन मिनिटांचं काम. ती भरली 61.5. म्हणजे पाय 62.5 आणि धड त्याहून कमी. या वयाच्या, एवढ्या उंचीच्या मुलीचं धड पायांपेक्षा थोडं जास्त भरतं. इथे साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर कमी होते. पसरलेल्या हातांचं माप 128, उंचीपेक्षा 4 जास्त. कणा मागे पडल्याची ही दुसरी खूण.

कारण रेडिएशनच्या कागदावर होतं. मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून कण्यापर्यंत उतरतात, म्हणून पूर्ण डोकं आणि पूर्ण कणा दोन्हींना शेक द्यावा लागतो. हिला 1.8 ग्रे मात्रेचे 13 शेक, म्हणजे 23.4 ग्रे, डोकं आणि कण्याला मिळाले. मग गाठीच्या जागेला आणखी 17, तिथली बेरीज 54 ग्रे. आईला ‘‘तीस लाईट’’ एवढं पाठ होतं. मणक्याच्या वरच्या-खालच्या कडेला वाढीचे थर असतात, त्यांतल्या पेशी या मात्रेला टिकत नाहीत. वाढत्या मुलांत मणक्याचा पूर्ण भाग मुद्दामच शेकाच्या टप्प्यात घेतात. अर्धाच घेतला तर एक बाजू वाढते, दुसरी खुंटते आणि पाठ वाकडी होते. म्हणजे वाकडेपणा टाळण्याची किंमत बुटकेपणात मोजायची असते. मूल जितकं लहान, तितकी वाढ शिल्लक आणि तितकं नुकसान मोठं. जुन्या, आजही सांगितल्या जाणाऱ्या अंदाजानुसार पाचव्या वर्षी कण्याला शेक बसला तर शेवटच्या उंचीत साधारण 7 सेंटिमीटर, दहाव्या वर्षी साडेपाच सेंटिमीटर जातात.

पण मग गेल्या वर्षीचे ते 6 सेंटिमीटर? त्याआधीच्या वर्षांत ही जेमतेम साडेतीन-चार वाढत होती. मध्येच वेग कशाने आला?

तपासताना उत्तर मिळालं. स्तनांची वाढ वयात येण्याच्या पाच टॅनर टप्प्यांपैकी तिसऱ्यात होती. स्तनातली गाठ आईच्या हाताला पहिल्यांदा लागली तेव्हा मुलगी साडेसात वर्षांची होती. ‘‘मला वाटलं, तोच आजार परत आला. गावातले डॉक्टर म्हणाले, चरबी आहे, काही नाही.’’ आठव्या वर्षाआधी सुरू झालेलं वयात येणं म्हणजे अकाली. डोक्याला बसलेला शेक मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा वयात येण्यावरचा लगाम सैल करतो आणि त्याच हायपोथॅलॅमसकडून ग्रोथ हार्मोनला मिळणारा इशाराही बंद पाडतो. एकाच इजेचे हे दोन परिणाम एकमेकांना झाकतात. ग्रोथ हार्मोन कमी असूनही इस्ट्रोजेनमुळे उंची वाढत राहते, तक्त्यावरची रेघ सरळ दिसते, आणि आतल्या आत हाडं पिकत जातात, म्हणजे वाढीची मुदत संपत येते. डाव्या हाताच्या एक्स-रेवर हाडांचं वय 11 निघालं. आईवडिलांच्या उंचीवरून हिची अपेक्षा 156 होती. हाडांच्या वयाचे तक्ते आता 140 च्या आसपासच देत होते. शिवाय ते तक्ते निरोगी कणा गृहीत धरतात, म्हणजे खरा आकडा त्याहूनही खाली.

मुलग्यांमध्ये हे ओळखणं आणखी अवघड. मुलगा वयात येतोय का, हे आपण एरवी वृषणांच्या आकारावरून ठरवतो. पण सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनी शुक्रपेशी मारलेल्या असतात, म्हणून वृषणं लहानच राहतात. तिथे सकाळच्या टेस्टोस्टेरॉनवर भिस्त ठेवावी लागते.

ग्रोथ हार्मोनच्या इशाऱ्यावर शरीरात तयार होणारं आयजीएफ-1 हिच्या फाईलमध्ये होतं, नॉर्मल. डोक्याला शेक बसलेल्या मुलात त्या एका आकड्यावर विसंबू नये, आणि वयात आलेल्या मुलीत तर नाहीच, कारण तो तसाही वर चढतो. म्हणून औषध दिल्यावर ग्रोथ हार्मोन किती वर जातं हे पाहणारी क्लोनिडीन चाचणी केली. उपाशीपोटी गोळी देऊन दोन तास दर अर्ध्या तासाने रक्त. मूल पेंगतं, रक्तदाब उतरतो, म्हणून घरी जायच्या आधी मीठ घातलेलं पेज किंवा सरबत आणि झोपवून ठेवणं. सर्वांत वरचा आकडा 3.2 आला. 7 च्या खाली म्हणजे कमतरता स्पष्ट. एरवी दोन चाचण्या मागतात, पण रेडिएशनचा असा इतिहास असेल तर एक पुरते. थायरॉइडही कमी होतं, फ्री टी-4 खाली. थायरॉक्सिन सुरू करण्याआधी सकाळचं कॉर्टिसॉल पाहून घेतलं. ते कमी असताना थायरॉइड दिलं तर पोर कोसळू शकते.

आधी ल्युप्रोलाइड, 11.25 मिलिग्रॅम, दर बारा आठवड्यांनी, वयात येणं थांबवायला. मग कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून ग्रोथ हार्मोन. उपचार संपून किमान एक वर्ष आजाराविना गेलेलं असावं, हिचं तर त्याहून जास्त झालं होतं. वजन 24 किलो, दर किलोला 25 मायक्रोग्रॅम, म्हणजे रोज रात्री 0.6 मिलिग्रॅम. पेनवर युनिट असतील तर 1.8. फ्रिजमध्ये ठेवायचं, पण फ्रीझरजवळ नाही. एकदा गोठलं की ते फेकायचं, वितळवून वापरायचं नाही.

वडिलांनी विचारलं, ‘‘याने तो आजार उठणार नाही ना?’’ आतापर्यंतच्या अभ्यासांत गाठ परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही, हे त्यांना सांगितलं. शेकामुळे पुढे दुसऱ्या गाठींचा धोका राहतोच, तो या इंजेक्शनाने आलेला नसतो, हेही.

अवघड बोलणं आईशी झालं. ‘‘मग कुर्ता वाढेल ना आता?’’ कणा फारसा वाढत नाही, कारण हार्मोनचा हुकूम ऐकायला तिथे पेशीच कमी उरल्यात. वाढतील ते पाय. म्हणून दोन्ही औषधं कितीही वर्षं चालवत नाहीत. उंचीच्या मागे लागून नुसते पाय लांबवले तर धड आणखीच आखूड दिसतं. पाठ वाकडी होतेय का हेही पाहायचं, कारण वेगाने वाढताना कुठलाही वाक वाढतो.

सहा महिन्यांनी उंची 3.1 ने वाढली होती, बसून उंची 0.4 ने. आईने वही उघडून दाखवली. सलवार 30. कुर्त्यासमोर तोच साडेअकरा, पण या वेळी त्यांनी त्याखाली रेघ मारून तारीख घातली होती.