बेरजेच्या नियमाने घालवलेले दोन मार्क

अकरावीच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या धड्यातलं बाकी सगळं बऱ्यापैकी पटकन झालं. मिथेनपासून डेकेनपर्यंतची नावं दोन दिवसांत पाठ झाली. अडकले ते आययूपीएसी नावं देताना, नंबरिंगपाशी, आणि त्याचा राग अजून आहे. क्लासच्या नोट्समध्ये चौकटीत एक ओळ होती: ‘शाखांच्या नंबरांची बेरीज ज्या टोकाकडून कमी येते, त्या टोकाकडून नंबर द्यावेत.’ ही ओळ चूक आहे. मी ती तीन आठवडे घोकली.

चाचणीत हा रेणू आला होता:

CH3-CH(CH3)-CH2-CH2-CH2-CH2-CH(CH3)-CH(C2H5)-CH3

सरळ ओळीत मोजले तर नऊ कार्बन भरतात, म्हणून नोनेन लिहायचा मोह होतो. पण मुख्य साखळी म्हणजे कागदावरची आडवी ओळ नव्हे, तर सलग जोडलेल्या कार्बनची सर्वांत लांब वाट. उजवीकडे कंसात बसवलेल्या C2H5 मधून वळलं की दहा कार्बन होतात आणि टोकाचा CH3 शाखा बनतो. म्हणजे हा डेकेन, तीन मिथाइल शाखांचा. एवढं मला जमलं, कारण एक खूण मी आधीच धरली होती: टोकापासून दुसऱ्या कार्बनवर इथाइल दिसलं की साखळी चुकलीच. तिथे त्या इथाइलमधून गेलं की एक कार्बन वाढतोच. तसंच पहिल्या कार्बनवर मिथाइल आणि तिसऱ्यावर प्रोपाइल कधीच येऊ शकत नाही.

मग नंबरिंग. डावीकडून मोजलं तर शाखा 2, 7, 8 वर, आणि इथाइलच्या टोकाकडून मोजलं तर 3, 4, 9 वर. बेरीज केली: 17 आणि 16. चौकटीतल्या ओळीप्रमाणे मी 3,4,9-ट्रायमिथाइलडेकेन लिहिलं आणि त्यावर लाल फुली आली.

क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले, "पेपर तपासणाऱ्यांची चूक असेल, नियम बरोबर आहे." आठवडाभर मी तेच धरून बसले. शेवटी कॉलेजच्या मॅडमकडे पेपर घेऊन गेले. त्यांनी दोन्ही याद्या एकाखाली एक लिहायला लावल्या.

"पहिला आकडा बघ."

"वर दोन, खाली तीन."

"झालं. दोन लहान, वरची यादी जिंकली. पुढचे आकडे बघायचेच नाहीत."

म्हणजे उत्तर 2,7,8-ट्रायमिथाइलडेकेन. दोन याद्यांमध्ये पहिला फरक जिथे पडतो, तिथे ज्या यादीत लहान आकडा आहे ती घ्यायची. शब्दकोशात शब्द लावतात तसंच. पहिला आकडा सारखा असेल तरच दुसऱ्याकडे जायचं. उदाहरणार्थ 2,2,4 की 2,4,4? पहिले दोन्ही 2, दुसऱ्या जागी 2 आणि 4, म्हणून 2,2,4-ट्रायमिथाइलपेंटेन. हाच तो आयसोऑक्टेन, पेट्रोलच्या ऑक्टेन नंबरसाठी ज्याला 100 धरतात.

मग इतके दिवस बेरजेने उत्तरं बरोबर कशी येत होती? घरी बसून मी ते तपासलं. शाखा दोनच असतील तर बेरीज आणि पहिला फरक नेहमी एकाच टोकाकडे बोट दाखवतात. समजा सहा कार्बनची साखळी आहे आणि शाखा 2 व 3 वर आहेत. उलट मोजलं की त्या 4 व 5 वर येतात. बेरीजही पहिल्याचीच कमी, पहिला आकडाही पहिल्याचाच लहान. नोट्समधली जवळजवळ सगळी उदाहरणं दोन शाखांची होती, म्हणून चूक झाकली गेली. तीन शाखा आल्या की ती उघडी पडू शकते. तुमच्या वहीत तो बेरजेचा नियम असेल तर आजच खोडा.

दोन गोष्टी राहिल्या. सारख्याच लांबीच्या दोन साखळ्या निघाल्या तर जिच्यावर शाखा जास्त, ती घ्यायची. म्हणून 3-इथाइल-2-मिथाइलहेक्झेन असं नाव येतं, 3-आयसोप्रोपाइलहेक्झेन नाही. आणि दोन्ही बाजूंनी आकडे सारखेच आले, तर इंग्रजी वर्णक्रमात जी शाखा आधी, तिला लहान नंबर: 3-इथाइल-6-मिथाइलऑक्टेन. हा क्रम लावताना डाय, ट्राय धरायचे नाहीत. आणि हो, हे सगळं साध्या अल्केनसाठी. साखळीवर -OH सारखा मुख्य गट असेल तर आधी त्याला लहान नंबर, शाखांचा विचार नंतर.

त्या पेपरचे दोन मार्क गेले ते गेलेच. वार्षिक परीक्षेत मात्र तीन शाखांचा रेणू आला, तेव्हा दोन्ही याद्या मी समासात एकाखाली एक लिहिल्या आणि बेरीज केली नाही.