कोजागिरीला संपलेली सही

मी दारव्ह्याला एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते, नऊ वर्षं झाली. कापूस-सोयाबीनवाल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचं बरंच काम आमच्याकडे असतं आणि ऑक्टोबर म्हणजे आमचा पेरणीचा हंगाम, जेवायची शुद्ध नसते. हा किस्सा 2023 चा. 30 ऑक्टोबर, सोमवार. दुसऱ्या दिवशी कंपन्यांच्या आयकर रिटर्नची शेवटची तारीख.

एका उत्पादक कंपनीचं रिटर्न सगळं तयार होतं, फक्त सही राहिली होती. त्या कंपनीला त्या वर्षी तोटा होता, गोदामात ठेवलेलं सोयाबीन पडत्या भावात विकावं लागलं होतं, आणि रिटर्न वेळेत गेलं नाही तर धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करता येत नाही. लेट फी भरून सुटता येतं, पण गेलेला तोटा परत मिळत नाही, म्हणून माझ्या डोक्याला ताण. माणसाचं रिटर्न आधारच्या ओटीपीवर व्हेरिफाय होतं तसं कंपनीचं होत नाही, तिथे डायरेक्टरची डिजिटल सहीच लागते, ती पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये असते.

सकाळी दहाला ड्रॉवरमधून काकांचं टोकन काढलं (काका म्हणजे कंपनीचे डायरेक्टर, वय साठच्या वर, आमच्यापासून सोळा किलोमीटरवर गाव), लावलं, पासवर्ड टाकला आणि पोर्टल काही सही घेईना. मला वाटलं एमब्रिज, म्हणजे टोकन आणि पोर्टल जोडणारं सॉफ्टवेअर, बंद पडलं असेल, ते नेहमीचंच आहे, म्हणून ते बंद करून चालू केलं, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला, टोकन दुसऱ्या पोर्टला लावलं, अर्धा तास त्यातच गेला. मग सुचलं की तारीख बघू. `certmgr.msc` उघडलं, पर्सनलमध्ये काकांचं सर्टिफिकेट, आणि समोर मुदत 28 ऑक्टोबर 2023. म्हणजे शनिवारी, कोजागिरीला संपली. त्या रात्री ग्रहणही होतं, ते वेगळं.

सप्टेंबर अखेरीला ऑडिट रिपोर्ट स्वीकारायला याच टोकनने सही केली होती, बिनतक्रार. टोकनला बघून काही कळत नाही ना, दिवा तसाच लागतो, पासवर्ड तसाच घेतं. मुदत टोकनची नसतेच, आत ठेवलेल्या सर्टिफिकेटची असते. आणि मुदत संपत आल्याचे मेल आले नाहीत का, तर आले असणार, पण दोन वर्षांपूर्वी अर्जावर आमच्याकडच्या जुन्या ऑपरेटरने स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा मेल टाकला होता आणि तो मुलगा आता पुण्याला आहे.

काकांना फोन लावला. ते मळणीयंत्रावर, मागे घरघर चालू. म्हटलं काका, डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, संपली, नवीन काढावी लागते. तर म्हणे, "काहून बा, त्याच पेनड्राइव्हात पैसे टाकून दे ना, रिचार्ज कर." मग म्हणे, "नाई तं त्याची एक कॉपी काढून ठेवायची होती पोरी, सस्त्यात झालं असतं."

आता हेच बऱ्याच लोकांना कळत नाही म्हणून सांगते. तो पेनड्राइव्ह नाही. सहीची गुप्त किल्ली त्या टोकनच्या आतच तयार होते आणि बाहेर निघत नाही, कॉपी नाही, झेरॉक्स नाही. आणि रिन्यूअल म्हणतात खरं, पण जुन्या सर्टिफिकेटची तारीख कोणी वाढवत नाही. नवीन किल्ली, नवीन सिरियल नंबर, नवीन सर्टिफिकेट, फक्त टोकन तेच वापरता येतं. म्हणून सगळी पडताळणीही पुन्हा पहिल्यापासून.

काकांनी विचारलं, "मंग मागच्या सह्या बाद झाल्या का?" नाही झाल्या. ज्या दिवशी सही केली त्या दिवशी सर्टिफिकेट चालू होतं ना, मग ती सही पक्की.

यवतमाळच्या डीलरला फोन केला, तो म्हणाला क्लास थ्री, दोन वर्षं, फक्त सिग्नेचर. एनक्रिप्शनवालं आम्हाला नको होतं, ते ई-टेंडर भरणाऱ्यांना लागतं, रिटर्न आणि कंपनीच्या फॉर्मला नुसती सही पुरते. मुदत एक, दोन किंवा तीन वर्षं घेता येते. काकांची 2019 ची पहिली डीएससी क्लास टू होती. 1 जानेवारी 2021 पासून क्लास टू देणं बंद झालं, तेव्हापासून सगळीकडे क्लास थ्रीच. हे काकांना सांगितलं तर त्यांना शंका, "दोन नंबरचं बंद करून तीन नंबरचं देऊन राहिले? रेल्वेचा थर्ड क्लास होय का हा?" इथे उलटं आहे, नंबर मोठा तशी ओळख पटवायची पद्धत कडक. क्लास वनला नाव आणि मेल जुळला की झालं, क्लास थ्रीला माणूस स्वतः समोर यावा लागतो. समोर म्हणजे आता व्हिडिओवर.

पहिली अडचण आधारची. आधारच्या ओटीपीने केलं की पटकन होतं, पण काकांच्या आधारला जो नंबर होता ते सिम कधीच बंद पडलेलं. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलायचा तर बोटांचे ठसे देऊनही तो लागू व्हायला दिवस जातात, आमच्याकडे दिवस एकच. मग दुसरा रस्ता घेतला, पॅनवरून केवायसी. त्यात पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि मोबाइल-मेलवर ओटीपी, आधारच्या ओटीपीची गरज नाही. मी घाईत ऑफिसचा नंबर टाकला तर सिस्टीमने घेतला नाही, म्हणे हा नंबर दुसऱ्या अर्जदाराच्या नावावर वापरलेला आहे. बरंच झालं. काकांचा चालू नंबर टाकला, आणि मेल त्यांच्याकडे नव्हताच, तर त्यांच्या मुलाच्या फोनवरून काकांच्या नावाचा नवा मेल काढून घेतला. यात साडेबारा वाजले.

दुसरी अडचण व्हिडिओ. लिंक गेली काकांच्या मुलाच्या फोनवर, पण शेतात नेटवर्क नाही, गावात फक्त पाण्याच्या टाकीजवळ दोन काड्या येतात. ते दोघं गाडीवर टाकीपाशी गेले. काकांनी आपलं नाव सांगायचं, अर्ज मीच केला म्हणायचं आणि अस्सल पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायचं, एवढंच. सव्वा वाजता पाठवला, तीन वाजता रिजेक्ट. डीलरने मला दाखवला तो व्हिडिओ. ऊन पाठीमागून, काकांचा चेहरा म्हणजे नुसती काळी सावली, आणि बाजूने पोराचा आवाज, "बाबा, आता कार्ड दाखवा, सरळ धरा ना." पडताळणीवाल्याला हे बघून काय वाटेल, कोणीतरी म्हाताऱ्याकडून वदवून घेतंय. तो नाकारणारच, मी असते तर मीही नाकारला असता.

दुसऱ्यांदा मी फोनवर नीट समजावलं, टाकीच्या सावलीत उभे राहा, उन्हाकडे तोंड करा, डोक्याचं दुपट्टं काढा, आणि पोराला म्हटलं दादा तू लांब जा. चार वाजता गेला. मग वाट बघणं. मधे तासभर लाइट गेली, इन्व्हर्टरवर बसलो. सहाला अप्रूव्हलचा मेसेज आला.

काकांना म्हटलं आता तुम्ही इथे या. खरं तर यायची गरज नाही असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, ओटीपी फोनवर सांगितला की डाउनलोड होतं. पण आमच्या ड्रॉवरमध्ये तेव्हा कितीतरी लोकांची टोकनं होती, प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीवर नाव आणि खाली पासवर्ड, बहुतेकांचा 12345678. आयटी कायद्याचं कलम 42 सांगतं की ज्याची सही त्यानेच किल्ली आपल्या ताब्यात ठेवायची. माझ्या ड्रॉवरमध्ये लोकांच्या सह्या रबरी शिक्क्यासारख्या पडून होत्या, आणि त्या दिवशी तो व्हिडिओ बघितल्यावर मला ते खटकलं, का कोण जाणे. काका सातला आले, अंगावर सोयाबीनचं कुटार तसंच.

सर्टिफिकेट जुन्याच टोकनमध्ये उतरवलं. इनिशियलाइज करायचा पर्याय दिसतो तो दाबायचा नाही, आतलं सगळं पुसलं जातं. पासवर्ड बदलायला काकांना कीबोर्ड दिला आणि मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. फक्त सांगितलं की लक्षात राहील असाच टाका, पुन्हा पुन्हा चुकला की टोकन लॉक होतं, मग पुन्हा टाकी आणि पुन्हा व्हिडिओ.

वाटलं झालं. कंपनीच्या लॉगिनमधून सही करायला गेले तर डीएससी रजिस्टर नाही. अर्थात, नवीन सिरियल नंबर पोर्टलला कुठून माहीत असणार. आणि ती कंपनीच्या लॉगिनमध्ये नाही, डायरेक्टरच्या स्वतःच्या पॅनच्या लॉगिनमध्ये जाऊन रजिस्टर करावी लागते, मग कंपनीकडे चालते. काकांच्या लॉगिनचा पासवर्ड कोणाकडेच नाही. फर्गॉट पासवर्ड केलं तर ओटीपी एकतर आधारच्या बंद सिमवर, नाहीतर पोर्टलला टाकलेल्या नंबरवर, तो पुण्याच्या मुलाचा, आणि त्याचा फोन लागेना. पावणेआठ वाजले होते. माझ्या पोटात गोळा.

मग त्याच पानावर खाली तिसरा पर्याय दिसला, डीएससी अपलोड करा, त्यात न्यू डीएससी. सर्टिफिकेटमध्ये काकांचा पॅन गुंफलेला असतोच, पोर्टल तोच जुळवून बघतं. म्हणजे ज्या सहीची नोंद करायला आम्हाला घरात शिरायचं होतं तीच सही कुलपाची किल्ली झाली. काकांनी पासवर्ड टाकला, नवीन लॉगिन पासवर्ड तयार झाला, आत जाऊन मोबाइल आणि मेल काकांचे केले, प्रोफाइलमध्ये डीएससी रजिस्टर केली. इथे यादीत काकांच्या नावाची दोन सर्टिफिकेटं दिसतात, जुनं आणि नवं, नाव अगदी सारखं, मी आधी वरचं निवडलं आणि ते मुदत संपलेलं निघालं. तारीख बघून दुसरं निवडलं.

8 वाजून 50 मिनिटांनी रिटर्न व्हेरिफाय झालं. काकांनी विचारलं, "झालं?" म्हटलं झालं. "मायबाप, आंगठा लावत होतो तेच बरं होतं."

कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर नवीन डीएससी पुन्हा असोसिएट करायची राहिली होती, वार्षिक फॉर्मला तीच लागते आणि तिथे उशिराला फॉर्ममागे रोज शंभर रुपये लागतात, पण ते दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत झालं. जीएसटीवर पण अपडेट केली.

टोकन मी ड्रॉवरमध्ये ठेवायला हात पुढे केला तर काका म्हणाले, "राहू दे, मीच नेतो." गोदामाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं. दर वेळी सहीला त्यांना सोळा किलोमीटर यावं लागतं आता, आमचे सर त्यावरून मला अजून बोलतात.