‘ॲसिडिटी झालीय’ हे मी दोनदा सांगितलं, तिथेच सगळं अडलं

तासभर बाकावर बसायचं आणि आत गेल्यावर तीन मिनिटांत बाहेर यायचं, याचा राग मला आजही आहे. पण ती तीन मिनिटं मी कशी घालवली हे आठवलं की त्यातला निम्मा राग माझ्याकडेच वळतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा खुर्चीवर टेकतानाच म्हणालो, “डॉक्टर, ॲसिडिटी फार वाढलीय.” झालं. त्रास सांगायचा सोडून निदानच सांगून बसलो. त्यांनी विचारलं, “कशाने बरं वाटतं?” मी म्हणालो, “सिरप घेतलं की बरं वाटतं.” महिनाभर सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या कॅप्सूल मिळाल्या. नंतर तीन आठवडे काही झालं नाही, मग पुन्हा एका रात्री तसंच. दुसऱ्या भेटीतही मी तेच बोललो आणि पदरात पडल्या जास्त ताकदीच्या कॅप्सूल.

या एका उत्तरावर मी खूप विचार केलाय. माझं वाक्य खोटं नव्हतं, पण घड्याळ लावून पाहिलं तर टिकत नव्हतं. तिसऱ्या वेळी दुखलं तेव्हा चिडून मोबाइलमध्ये वेळा टिपल्या. साडेआठला तेलकट जेवण, साडेदहाला कळ, पावणेअकराला सिरप, आणि कळ थांबली रात्री दीडला. असलं सिरप पोटातलं आम्ल मारतं आणि त्याचा गुण येतो पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात. पावणेतीन तासांनी थांबलेल्या दुखण्याचं श्रेय त्याला कसं द्यायचं? कळ आपली आपणच थांबली होती. मधे मी सिरप घेतलं होतं, इतकंच. कॅप्सूलचंही तेच. त्या तीन आठवड्यांत मला बरं वाटत होतं, कारण हे दुखणंच असं मधे मधे गायब होतं.

तेव्हा ‘कशाने बरं वाटतं’ला उत्तर देताना, काय केलं आणि त्यानंतर किती मिनिटांनी फरक पडला हे दोन्ही सांगा. कशाने फरक पडला नाही, तेही सांगा. मी कुशीवर वळलो, उठून बसलो, येरझाऱ्या घातल्या, शौचाला जाऊन आलो. कशानेच उतार पडला नव्हता. हे सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं, आणि नेमकी तीच खूण होती.

तिसऱ्या भेटीत कागदावरून वाचलं, पहिल्या कळीपासून. याआधी मी कायम सगळ्यात वाईट रात्रीपासून सुरुवात करायचो आणि डॉक्टर मागचं-पुढचं जुळवत बसायचे. या वेळी म्हणालो, “दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा, रात्री जेवणानंतर दोनेक तासांनी. तेव्हा तासभर दुखलं. आत्तापर्यंत चार वेळा झालंय, शेवटची कळ तीन तास. उजव्या बरगडीखाली सुरू होतं आणि मागे उजव्या खवाट्यापर्यंत जातं. एकदा चढलं की एकसारखं राहतं. छातीत जळजळ नाही, आंबट ढेकर नाहीत. दोनदा उलटी झाली, पण उलटीनेही हलकं वाटलं नाही.”

“किती दुखतं?” यावर आधी मी “खूप” म्हणायचो. या वेळी म्हणालो, “दहापैकी आठ. दाढ दुखली होती ती पाच धरा. एका जागी बसवत नाही, बोलताना वाक्य अर्धवट सुटतं.” दहातला आकडा एकटा सांगितला तर पोकळ वाटतो. त्याच्यासोबत काय करता येईना, ते जोडा.

वाचायला मिनिटही लागलं नसेल. डॉक्टरांनी मधे तोडलं नाही. मग बरगडीखाली दाबून दीर्घ श्वास घ्यायला लावला. काहीच दुखलं नाही! मी ओशाळलो, पण ते म्हणाले की कळ नसताना तपासणीत बहुधा काही सापडत नाही, म्हणूनच सांगणं महत्त्वाचं. सहा-आठ तास उपाशी राहून सोनोग्राफी करायला सांगितली, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि नीट दिसत नाही. निघाले दोन खडे. पुढे सर्जन, शस्त्रक्रिया, सगळं सरळ झालं.

एक राहिलं. आधीच्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्या, “ती पांढरी गोळी” म्हणून कुणाला काही कळत नाही. आणि अशी कळ पाच-सहा तासांत उतरली नाही, ताप-थंडी आली किंवा डोळे पिवळे दिसले, तर वेळा टिपत बसू नका. ती रात्र इस्पितळात जायची असते.