रीडिंग लिहिलं होतं की सर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी पाळीचा इनचार्ज आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बिडाच्या बॉडी येतात, त्यांचं मशीनिंग आमच्याकडं होतं. दोन वर्षांमागं एका सेटरमुळं, म्हणजे मशीनवर टूल लावून माप जुळवणाऱ्या माणसामुळं, माझी झोप उडाली होती, त्याची ही हकीकत.

माणूस खानापूर तालुक्यातला, वय पस्तिशीच्या पुढं, आमच्याकडं नऊ वर्षं. पूर्वी ड्रिलचा आवाज जरा बदलला तरी हा शेजारच्या मशीनवरून मान वळवायचा. मग हळूहळू सगळं बंद झालं. सांगितलं तेवढं करायचं, विचारलं तेवढं बोलायचं आणि साडेपाचची बेल झाली की हात धुवायला पुढं. महिन्यातून तीन-चार दांड्या. त्यात भांडण नाही, उलट उत्तर नाही. भांडला असता तर बरं, निदान धरायला काहीतरी मिळालं असतं.

मग एके दिवशी 38 बॉडी रिजेक्ट झाल्या. स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हमधला दांडा, ज्या भोकात सरकतो ते बोर आम्ही रीमर नावाच्या टूलनं मापाला काढतो आणि शेवटच्या होनिंगसाठी, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करायला, साधारण 50 मायक्रॉन माल ठेवतो. त्या दिवशी रीमर बदलताना तो पकडणाऱ्या कॉलेटमध्ये बिडाचा कीस अडकला होता, रीमर किंचित हेलकावत फिरला आणि बोर 40 मायक्रॉननं मोठं आलं. होनिंगला 10 मायक्रॉन उरले, त्यात रीमरच्या रेघासुद्धा गेल्या नाहीत. असं होतं, नवीन नाही. पण दर पाचव्या नगाचं रीडिंग शीटवर लिहायचं असतं, ते मी काढून बघितलं. सातही रीडिंग बरोबर लिहिलेली होती. नीट अक्षरात, मर्यादेच्या बाहेरची, एकाखाली एक.

"तुला दिसत नव्हतं काय?"

"दिसत होतं. रीडिंग लिहिलं होतं की सर."

त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं. झापलं. त्याचा परिणाम आठवडाभर टिकला. मग गाजर दाखवलं: मॅनेजमेंटशी भांडून 1500 रुपयांची वाढ आणली आणि "पुढच्या वर्षी तुला लाईन लीडर करतो" म्हणून सांगितलं. त्यानं पैसे घेतले, मान हलवली आणि त्याच महिन्यात पाच दांड्या मारल्या. मी हॉटेलात शेजारच्या कंपनीतल्या मित्राला म्हणालो, या माणसाला काही नकोच आहे. तो म्हणाला, तुला काय पाहिजे असतं ते तू त्याला दिलंस. मला राग आला, पण बोलणं खरं होतं. लाईन लीडर व्हायचं स्वप्न माझं होतं, पंधरा वर्षांपूर्वीचं.

मग एक दिवस केबिनमध्ये बोलावून सरळ विचारलं, "तुला नेमकं काय पाहिजे?" उत्तर आलं, "काय नको ओ सर, सगळं बरं आहे." आता वाटतं, दुसरं काय सांगणार तो? मी खुर्चीत, तो उभा, टेबलावर रिजेक्शनचा कागद. शिवाय "काय पाहिजे" हा प्रश्नच अवघड आहे. मला कुणी असा एकदम विचारला तर मीही पगार म्हणेन, कारण तेवढंच चटकन तोंडात येतं.

फार पूर्वी सुपरवायझरांच्या एका ट्रेनिंगला गेलो होतो, त्याची वही घरी होती. तीत एक गोष्ट सापडली. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1950च्या दशकात पिट्सबर्गच्या भागातल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं होतं, पण काय पाहिजे ते नाही. कामावर फार बरं वाटलं असा एखादा प्रसंग सांगा आणि फार वाईट वाटलं असा एक सांगा, एवढंच. उत्तरांत गंमत अशी निघाली की वाईटाचं कारण बहुतेक आजूबाजूचं असतं: नियम, साहेब, पगार, सोयी. बऱ्याचं कारण मात्र कामातच असतं: काहीतरी जमलं, त्याची कुणी दखल घेतली, जबाबदारी आली. म्हणजे वाईट दूर केलं म्हणून माणूस आपोआप खुलत नाही. दोन वेगळे नळ आहेत.

शनिवारी पाळी सुटल्यावर त्याला गाडीवर घेतलं, थर्ड गेटच्या अलीकडं चहाला थांबलो. रिजेक्शनचा विषय काढायचा नाही हे मनाशी ठरवलं होतं. विचारलं, "या नऊ वर्षांत घरी जाताना छाती फुगली, असा दिवस कुठला रे?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "ते चार भोकांच्या बॉडीचं फिक्स्चर."

फिक्स्चर म्हणजे मशीनवर नग पक्का धरून ठेवायची चौकट. मला आठवतच नव्हतं. त्यानं आठवण करून दिली. भंगारातली पट्टी घेऊन, दोन क्लॅम्प सरकवून, नग लावायचा वेळ त्यानं चार मिनिटांवरून अडीचवर आणला होता. सांगताना चहाच्या कपाला क्लॅम्प समजून बोटं लावून दाखवत होता. नऊ वर्षांत त्याला इतकं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. मग दुसरा प्रश्न विचारायची गरजच पडली नाही, तो आपणच म्हणाला, "त्याचा बोर्ड लागला बघा, ऑफिसातल्या डिप्लोमावाल्या पोराच्या नावानं. त्या दिवसापासून म्हटलं, आपण रीडिंग लिहायचं आणि घरी जायचं."

एक सावधगिरी इथं लागते. माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःकडं घेतो आणि वाईटाचं खापर दुसऱ्यावर फोडतो, हर्झबर्गच्या पद्धतीवर हीच टीका पुढं झाली. म्हणून सोमवारी मी जुनी फाईल काढली. सुधारणेचा फॉर्म होता, त्यावर त्या डिप्लोमावाल्याचं नाव होतं आणि खाली मंजुरीची सही माझी होती. न वाचता केलेली.

त्याच गप्पांत आणखी एक गोष्ट निघाली. घरी अडीच एकर भात. कापणी-मळणीच्या दिवसांत रजा मागितली की आमच्याकडं "बघू" म्हणायचे, मग तो न सांगताच राहायचा. आमचे प्लांट हेड कन्नड, ते "नोडोणरी" म्हणतात. भाषा कुठलीही असो, अर्थ एकच.

म्हणजे माझ्यापुढं दोन गोष्टी होत्या आणि त्या वेगवेगळ्या हाताळायच्या होत्या. रजेचं काम सोपं निघालं. त्याची हक्काची रजा शिल्लक होतीच. भाताचे आठ दिवस ऑगस्टमध्येच लिहून घेतले, बदली सेटर ठरवला, सही करून कागद त्याच्या हातात दिला. दांड्या थांबल्या. पण मशीनवर माणूस तसाच थंड. वहीतली ती दोन नळांची गोष्ट आधी वाचली नसती तर दांड्या थांबल्यावर काम झालं असं समजून गप्प बसलो असतो.

फिक्स्चरचं काम मात्र टूलरूमच्या अखत्यारीतलं. तिथल्या फोरमनला आपल्या हद्दीत ऑपरेटर नको होता. म्हणून मी मोठं काही मागितलं नाही. बुधवारी आणि शनिवारी दोन-दोन तास, सहा आठवडे, आणि एकच अडचण. सोळाव्या नंबरच्या बॉडीचं बोर मशीनवर मापलं की गोल, क्लॅम्प सोडला की 15 मायक्रॉन अंडाकृती. सगळे टूलला दोष देत होते. त्याला सांगितलं, तू बघ. कसं बघायचं ते मी सांगणार नाही. फोरमनला एवढंच म्हटलं, ड्रॉइंगवर नाव कुणाचं पडेल हे आधीच लिहू.

पहिल्या बुधवारी त्यानं काहीच बनवलं नाही. नग लावला, मापाचा डायल चिकटवला आणि क्लॅम्पचा नट पाव-पाव फेरा आवळत काटा बघत बसला. फोरमन माझ्याकडं बघून हसला. दुसऱ्या बैठकीला मला हाक मारली, "सर, या जरा." क्लॅम्प जिथं दाबत होता, तिथं खाली टेकूच नव्हता. पातळ भिंत दबायची, त्या दबलेल्या अवस्थेत बोर गोल निघायचं आणि सोडल्यावर भिंत परत जागेवर आली की अंडाकृती व्हायचं. क्लॅम्प बरोबर टेकूच्या वर सरकवायचा आणि नट टॉर्क रेंचनं ठराविकच आवळायचा, हा त्याचा उपाय.

आणि इथं मी घाण केली. महिनाअखेर होती, डिस्पॅच अडकला होता. पुढचे दोन बुधवार मी त्याला मशीनवरच ठेवलं, आणि सांगितलंही नाही. तिसऱ्या दिवशी शीट बघितलं तर रीडिंग वरच्या मर्यादेला टेकलेलं, बाकी काही नाही. हाक नाही. माणूस पुन्हा होता तिथंच. मला वाटतं, पहिल्यापेक्षा थोडा मागंच, कारण आता त्यानं विश्वास ठेवून बघितला होता. मी जाऊन सांगितलं की चुकलं माझं, आणि त्या आठवड्यात गुरुवार-शुक्रवार असे त्याचे चार तास भरून दिले. तो काही बोलला नाही, ॲप्रन बदलून टूलरूमला गेला.

फिक्स्चर आठव्या आठवड्यात उभं राहिलं, ठरल्यापेक्षा दोन आठवडे उशिरा. अंडाकृतीपणा 4-5 मायक्रॉनवर आला, तेवढा होनिंगमध्ये निघून जातो. प्लेटवर नंबर ठोकायची वेळ आली तेव्हा फोरमननंच अक्षरांचे पंच त्याच्या हातात दिले. त्यानं नंबर ठोकला, खाली स्वतःची आद्याक्षरं ठोकली आणि त्याला धरून द्यायला असायचा त्या हेल्पर पोराचीही ठोकली. एक अक्षर वाकडं पडलंय, ते तसंच आहे.

हे सगळ्यांना लागू पडतं असं मात्र नाही. त्याच उत्साहात मी दुसऱ्या एका तरुण ऑपरेटरला चहाला नेलं. छाती फुगल्याचा दिवस विचारला, तर म्हणाला, "सर, खरं सांगू? मला गोव्याला जायचंय, मामाच्या गॅरेजमध्ये." त्याला कसलं फिक्स्चर देणार? तीन महिने आधी सांग, तोवर दुसऱ्याला मशीन शिकव, एवढं ठरवलं. त्यानं शिकवलं आणि गेला.

आमचा सेटर आजही लाईन लीडर व्हायला तयार नाही. आजही साडेपाचला हात धुतो, गावची बस पकडायची असते. पूर्वी हे मी कामचुकारपणात धरत होतो. गेल्या महिन्यात परत डिस्पॅचची बोंब झाली. या वेळी मंगळवारीच त्याच्याकडं गेलो आणि म्हणालो, उद्याचे दोन तास मला पाहिजेत, देतोस काय?

त्यानं डायलवरची नजर काढली नाही. "शनिवारी चार द्या मग," म्हणाला, "आणि ते कोपऱ्यातलं ड्रिलचं मशीन मोकळं ठेवा."