आमची वाटचाल : दहा किलो घातले, दहा किलो उतरले

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या माडीवर २०१२ साली पहिली मोदकपिठी केली, तेव्हा आमचं भांडवल म्हणजे सासूबाईंची दोन पितळी पातेली, माझ्या लग्नातली सहा सुती लुगडी आणि एक मैद्याची चाळण. पिठी कशी करायची ते सासूबाईंना येत होतं, विकायची कशी ते कोणालाच येत नव्हतं. पहिल्या वर्षी पंधरा किलो केली, त्यातली चार किलो नातेवाइकांनीच नेली. पैसे अजून यायचे आहेत.

तांदूळ पहिल्यापासून एकच धरलाय. बेळगाव बासमतीची कणी तीन भाग आणि खानापूरकडची इंद्रायणी एक भाग. उत्तरेकडचा लांब बासमती तो वेगळा, त्याच्या पिठीची पारी सुटी सुटी होते आणि कळ्या घेतानाच चिरते. आमच्या कणीला वास असतो आणि चिकटपणा बेताचा. निव्वळ इंद्रायणी घेतली तर उकड हाताला लोळते आणि वाफवल्यावर मोदक बसतो. कणीच का, तर कणी स्वस्त पडते, आणि पीठच करायचं तर अख्खा दाणा कशाला? नवा तांदूळ सहसा घेत नाही, निदान सहा महिने मुरलेला पाहतो. अलीकडे खरा बेळगाव बासमती मिळवायचा म्हणजे येळ्ळूरच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे आधी सांगून ठेवावं लागतं. बाजारात त्या नावानं जे मिळतं, त्यावर मी बोलत नाही.

आता धुणं आणि भिजवणं. तीन पाणी धुवायचा, चौथ्या पाण्यात दोन तास ठेवायचा, बस्स. लोक रात्रभर भिजत घालतात. दाणा आपल्याला हवं तेवढं पाणी पहिल्या दोन तासांतच पितो. पुढं उन्हाळ्यात नुसता आंबूस वास धरतो. भिजवायचं ते दाणा ठिसूळ पडावा म्हणून, पुन्हा वाळवला तरी तो ठिसूळच राहतो. न भिजवलेला कडक दाणा दगडाखाली भरडला की पीठ तापतं, कण धारदार राहतात, आणि तसली पिठी उकडीत पाणी पिते खरी, पण सारखं पीत नाही. पारी वळताना बोटाला बारीक रवा लागतो, तो हाच.

२०१२ ते २०१८ सांगण्यासारखं काही नाही. चांगलं चाललं होतं. सांगायचंय ते २०१९.

त्या साली गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. एका दुकानदाराची (नाव घेत नाही, पेठेत सगळ्यांना माहीत आहे) पहिल्यांदाच मोठी मागणी आली, शंभर किलो. मी हरखून गेले. जुलैअखेरीला तांदूळ आणला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो पाऊस लागला. जिल्ह्यात पूर आला ते सगळ्यांना आठवतच असेल. आमच्या माडीत पाणी शिरलं नाही, पण लाइट दोन-दोन दिवस नव्हती. पंखे बंद. लुगड्यांवर पसरलेला तांदूळ तसाच ओला. भिंतींनाच घाम फुटला होता, तिथं तांदूळ कसला वाळतोय!

आम्ही दहा-दहा किलोचे घाणे करतो. लाइट आल्यावर पंखे रात्रंदिवस लावले. तिसऱ्या दिवशी हात फिरवला, दाणा हाताला कोरडा. एक दाणा दाताखाली घातला, टचकन तुटला. सासूबाईंची परीक्षा तीच होती. मीही तीच केली आणि सहा घाणे गिरणीला धाडले. गिरणीवाले अण्णा आमच्याकरता दर सोमवारी दगडाला टाकी लावून ठेवायचे आणि आमच्या पिठाआधी दोन किलो साधा तांदूळ दळून मागचा गहू-जोंधळा झाडून काढायचे. त्या दिवशी त्यांनी पीठ हातात घेतलं आणि म्हणाले, "काय ओ वहिनी, पीठ जरा जड लागतंय की." मी म्हटलं, पावसाची हवा आहे, लागणारच. त्या एका वाक्याला मी आजही शिव्या घालते.

चाळलं, अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरलं, तोंडं बंद केली. शंभरावर पाकिटं झाली. पाचव्या दिवशी दुकानदाराचा फोन. पाकिटांच्या आतून दव धरलेलं, पीठ मुठीत दाबलं तर तसंच गोळा राहतं, आणि वास ओल्या पोत्यासारखा. दोन दिवसांत सत्तर-ऐंशी पाकिटं परत आली. काहींत करड्या बुरशीचे ठिपके होते. सगळं पीठ खड्ड्यात गेलं. कोणी म्हणालं भाजून घ्या, चालेल. बुरशी लागलेलं पीठ भाजलं म्हणून खाण्याजोगं होत नाही, आणि आमच्या नावावर कोणाच्या नैवेद्यात ते जाणं मला परवडणारं नव्हतं.

त्यात भर म्हणजे आमच्याच हाताखाली तीन वर्षं शिकलेल्या बाईनं त्याच आठवड्यात स्वतःचं पीठ बाजारात आणलं. शिकून धंदा करावा, माझं काही म्हणणं नाही. पण "त्यांचं पीठ विटतं" असं घराघरांत जाऊन सांगायची गरज होती का? तिच्या पिठाचा दर आमच्यापेक्षा वीस रुपयांनी कमी. तांदूळ न भिजवता कोरडाच दळला की वाळवण्याचं दुखणंच उरत नाही, दर कमी पडणारच. तिचं पीठ टिकतं हे खरं आहे. त्या पिठाच्या मोदकाला किती कळ्या पडतात ते विचारा.

टिळकवाडीच्या काकू पहिल्या वर्षापासून पिठी नेतात. त्यांच्या माहेरी धान्याचं दुकान होतं. त्यांनीही पाकीट परत आणलं, पण पैसे मागितले नाहीत. माडीवर आल्या, न दळलेले चार घाणे पडले होते त्यांतला एक हातात घेतला आणि विचारलं, "हा भिजवायच्या आधी किती होता?" म्हटलं, दहा किलो. "मग आता तोल की." तोलला. दहा किलो सहाशे ग्रॅम.

काकू म्हणाल्या, "हे सहाशे ग्रॅम काय देवानं दिलं?"

त्या रात्री मी वही घेऊन बसले. भिजवून निथळलेला घाणा साधारण पावणेतेरा किलो भरतो. धुताना भुशीबरोबर शंभरेक ग्रॅम जातो. म्हणजे तांदूळ मुळात होता तेवढा वाळला, तर काटा नऊ किलो नऊशेच्या आसपास यायला हवा. दहा सहाशे म्हणजे सातशे ग्रॅम पाणी दाण्याच्या पोटात अजून होतं. दाणा बाहेरून आधी वाळतो. हाताला कोरडा लागतो, दातालाही फसवतो, आणि गाभा ओला राहतो. दळला की ती ओल सगळ्या पिठात पसरते, आणि पाकिटात कोंडली की बुरशीला आणखी काय पाहिजे?

तोच घाणा आम्ही पातळ पसरून, दर दोन तासांनी परतून, पंख्याखाली आणखी दीड दिवस ठेवला. नऊ नऊशे पन्नास भरला. दळल्यावर अण्णांनी पीठ हातात घेतलं आणि काही न बोलता पिशवीत ओतलं. त्याचीच पाच पाकिटं मी काकूंना दिली. संकष्टीला त्यांच्याकडे गेले तर शेवटचं पाकीट तसंच मोकळं, भुरभुरीत.

तेव्हापासून दाताची परीक्षा बंद. प्रत्येक लुगड्याच्या कोपऱ्याला चिठ्ठी असते, आधीचं वजन आणि आत्ताचं. घरी एक किलो करणाऱ्यांनीही स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर हे करावं. किलो घातलात, तर किलोच्या आत आल्याशिवाय दळायचं नाही. घाई म्हणून उन्हात टाकू नका. ऊन लागलं की दाणा तडकतो, वास उडतो, आणि आमच्या अनुभवात त्या पिठाची पारी लवकर चिरते. सावली, सुती कापड, पंखा. प्लॅस्टिकवर पसरलात तर खालची बाजू ओलीच राहते. ज्यांना आजच मोदक करायचेत त्यांनी अर्धवट ओल्या तांदळाचं पीठ खुशाल करावं, मोदक उत्तम होतात. उकडीला पाणी जरा कमी घाला आणि उरलेलं पीठ डब्यात भरू नका.

चाळण्याबद्दल थोडं. घरी मैद्याची चाळण पुरते. आम्ही आता ८० नंबरची जाळी वापरतो. दहा किलोत किलोभर रवा वर राहतो. तो पुन्हा गिरणीत घालायचा मोह होतो, पण दुसऱ्यांदा पीठ फार तापतं. आम्ही तो घावनांना वापरतो, शेजारच्या कन्नड वहिनीही नेतात. त्या याला "अक्की हिट्टु" म्हणतात आणि पिठीलाही तेच म्हणतात. मग मी दोन डबे दाखवते आणि त्या हसतात.

दळून आणलेलं पीठ गरम असतं. ते गरम भरलं तरी दव धरतंच, मग तांदूळ कितीही वाळवा. परातीत पसरून, वर कापड टाकून दोन-तीन तास निवू द्यायचं. पावसाळ्यात रात्रभर उघडं ठेवू नये, पीठ हवेतली ओल परत पितं. घरी नेल्यावर स्टीलच्या घट्ट डब्यात, कोरडा चमचा. वर्षभर ठेवायचं असेल तर फ्रीजरमध्ये ठेवा, पण पाकीट बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. खोलीइतकं कोमट होऊ द्या, नाहीतर गार पिठावर पाणी सुटतं. डब्यात जाळी दिसली, पीठ दोऱ्यासारखं चिकटून वर येत असेल, तर ती अळी आहे. चाळून वापरायच्या फंदात पडू नये.

दुकानदार परत आला नाही. मीही गेले नाही. आता पिठीचं मोठं काम आम्ही वैशाखातच उरकतो. हवा कोरडी असते, घाणा दीड दिवसात उतरतो. माडीत फ्रीजर घेतलाय, त्याचा हप्ता अजून चालू आहे. आमची ती शिष्या आता नाचणीचं पीठ करते म्हणे.

यंदा काकूंनी श्रावणात निरोप धाडला, पिठी संपली, ताजी करून दे. बाहेर चार दिवस झड लागलेली. एक घाणा घातलाय. आज सकाळी काटा दहा तीनशे दाखवत होता. काकूंना सांगितलंय, शनिवारी बघू.